फरशीच्या फोटोतला गायब तुकडा: दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो, त्यावर उपाय

आमची पोरगी पाचवीत, नवोदयची तयारी चाललीय. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना माहितीच असेल की मानसिक क्षमता चाचणीत ४० प्रश्न आणि ६० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्यात एक प्रकार असतो आकृती पूर्ण करायचा. मोठं नक्षीचं चित्र, त्यातला एक चौकोन पांढरा, खाली चार तुकडे, कुठला बसतो ते सांगा. पेपरात ही चित्रं रेघांची असतात, ती तिला बऱ्यापैकी जमायची. घोळ सुरू झाला तो सरावासाठी फोटोवाले प्रश्न आले तेव्हा, म्हणजे खऱ्या फरशीचा, जाळीचा, विटांच्या भिंतीचा मोठा फोटो आणि त्यातला तुकडा कापलेला. दहातले पाच-सहा चुकायला लागले, आणि चुकायची पद्धत ठरलेली, चारातले दोन पटकन उडवायची, उरलेल्या दोघांत अडकायची, "आई, दोन्ही सारखेच दिसतात गं" म्हणायची आणि मग जो छान दिसेल त्यावर टिक.

आधी मला वाटलं लक्ष नाही, घाई करते. पण चुकलेले प्रश्न वहीत एका बाजूला काढून ठेवले आणि वीसेक जमल्यावर नीट बघितलं तर कळलं की चुका तीन-चार प्रकारच्याच आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. त्यामुळे पहिलं काम हेच करा, "चुकलं" एवढंच लिहू नका, बरोबर तुकडा आणि निवडलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात फरक काय आहे ते लिहा. नक्षी तीच पण सरकलेली? रंग उलटे? आरशातली? की लहान-मोठी? उपाय त्यावरच ठरतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक: अख्खं फूल निवडणं

वीसातल्या निम्म्या चुका ह्याच होत्या, म्हणून हे सावकाश सांगते. सासरच्या जुन्या घरात ओटीवर सिमेंटच्या रंगीत लाद्या आहेत, ८ इंची, पिवळसर जमिनीवर लाल फूल. आता ह्या लाद्यांची गंमत अशी की एका लादीवर पूर्ण फूल नसतंच, पाव फूल असतं, आणि चार लाद्या एकमेकींकडे तोंड करून बसवल्या की मधे अख्खं फूल होतं. लादीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा निळा त्रिकोण असतो, तेही चार एकत्र आले की फुलांच्या मधल्या जागेत निळा बर्फीचा आकार दिसतो. मी खुर्चीवर उभी राहून वरून फोटो काढला, ८ लाद्या आडव्या आणि ६ उभ्या येतील असा, आणि त्यातला २ बाय २ लाद्यांचा चौकोन पांढरा केला: आडवं मोजलं तर चौथी आणि पाचवी लादी, उभं मोजलं तर तिसरी आणि चौथी ओळ.

पर्याय चार दिले. अ मधे बरोबर मध्यभागी अख्खं लाल फूल आणि चार कोपऱ्यांत पाव-पाव निळी बर्फी. ब मधे डावीकडे अर्धं फूल, उजवीकडे अर्धं फूल, आणि वर-खाली मधोमध अर्धी-अर्धी बर्फी. क मधे ते आडवं, म्हणजे अर्धी फुलं वर आणि खाली, बर्फ्या डावी-उजवीकडे. ड मधे मध्यभागी अख्खी बर्फी आणि चार कोपऱ्यांत पाव फुलं.

पोरीने अ निवडला, एका सेकंदात. नवऱ्याने पण अ. सासूबाई ज्या त्याच ओटीवर चाळीस वर्षं झाडू मारतायत त्यांनी पण आधी अ म्हटलं आणि मग चष्मा लावून "नाही नाही थांब" म्हणाल्या. कारण सोपं आहे, डोळ्याला पूर्ण वस्तू आवडते, भोक दिसलं की त्यात एक अख्खी वस्तू बसवावी वाटते, अर्धवट दोन फुलांचा तुकडा हा उत्तर असेल असं मनच मानत नाही. आणि प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं माहिती असतं.

आता बरोबर उत्तर कसं काढायचं. पर्यायांकडे बघायचंच नाही, ते हाताने किंवा वहीने झाकून ठेवायचे. फक्त भोकाची डावी कड बघायची आणि विचारायचं, कडेच्या बाहेर काय कापलं गेलंय? ह्या फोटोत पहिल्या-दुसऱ्या लादीत मिळून एक फूल, तिसऱ्या-चौथ्या लादीत दुसरं. भोक चौथ्या लादीपासून सुरू होतं म्हणजे दुसऱ्या फुलाचं डावं अर्धं अंग बाहेर राहिलंय आणि उजवं अर्धं अंग गायब आहे. कडेच्या बरोबर मधोमध अर्धं फूल कापलेलं दिसतंय, तर आतल्या तुकड्याच्या डाव्या कडेलाही मधोमध अर्धं फूल पाहिजे. बास. आता पर्याय उघडायचे. अ च्या डाव्या कडेला फूल टेकतच नाही, गेला. क च्या डाव्या कडेला अर्धी बर्फी आहे, गेला. ड च्या डाव्या कडेला फूल आहे खरं पण वरच्या आणि खालच्या कोपऱ्यात, मधे नाही, म्हणून तोही गेला. एका कडेवर तीन पर्याय संपले आणि ब उरला. खात्रीसाठी वरची कड बघायची, बाहेर मधोमध अर्धी बर्फी लटकतेय, ब मधे वर मधोमध अर्धी बर्फी आहे, जुळलं.

हे चार पर्याय मी उगाच बनवले नव्हते. नक्षी दर दोन लाद्यांनी परत येते, त्यामुळे २ बाय २ चा चौकोन लाद्यांच्या सांध्यांवर ठेवून कुठूनही कापला तरी चारच तऱ्हेचे तुकडे निघतात: सरळ बसलेला, आडवा एक लादी सरकलेला, उभा एक लादी सरकलेला, आणि दोन्हीकडे सरकलेला. अ, ब, क, ड हेच ते. म्हणजे चारही तुकडे खरेच त्याच फरशीचे आहेत, एकही खोटा नाही, म्हणूनच "नक्षी जुळते का" हा प्रश्न विचारून काही उपयोग नाही, सगळ्यांची जुळते. विचारायचं ते "इथे, ह्या जागी, नक्षी कुठल्या टप्प्यावर आहे". पोरीला हे वाक्य कळलं नाही पण "फूल कुठे कापलंय" हे कळलं, तेवढं पुरतं.

कडा काहीच सांगत नाहीत तेव्हा

वरची युक्ती शिकवल्यावर आठवडाभर बरं चाललं आणि मग परत चुका. ह्यावेळी रंगाच्या. दुसरी फरशी अशी होती की फुलं लाल आणि काळी, आलटून पालटून, आणि भोक नेमकं एका पूर्ण फुलावर होतं. म्हणजे अख्खं फूल आत, कडेवर काहीच कापलेलं नाही, फक्त कोपऱ्यात बर्फीचे तुकडे आणि ते तर सगळ्या पर्यायांत सारखेच. ती बिचारी चारही कडा तपासून आली आणि दोन पर्याय उरले, एक लाल फूल आणि एक काळं. मग लाल निवडलं कारण फोटोत सगळ्यात जवळचं फूल लाल दिसत होतं.

अशा वेळी मोजायचं. भोकाच्या ओळीत डावीकडून म्हणत जायचं, मोठ्याने म्हटलं तरी चालेल: लाल, काळं, लाल, भोक, लाल. म्हणजे भोकात काळं. पण इथेच थांबायचं नाही, उभ्या रांगेतही मोजायचं, वरचं लाल, भोक, खालचं लाल, म्हणजे परत काळं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं की पक्कं. दोनदा का मोजायचं तर काही फरश्यांत रंग फक्त आडवा बदलतो आणि उभ्या रांगेत सगळं एकाच रंगाचं असतं, काहींत बुद्धिबळाच्या पटासारखं दोन्हीकडे बदलतो, आणि काहींत दर तिसऱ्याला बदलतो. फक्त एक दिशा बघून अंदाज केला तर कधीतरी फसणारच. आणि शेजारचं एकच फूल बघून तर अजिबात ठरवायचं नाही, कमीत कमी तीन मोजा म्हणजे क्रम दिसतो.

भिंगरीची नक्षी पण ह्याच गटातली. चार पाती वाकडी असलेली भिंगरी असते ना, ती अख्खी भोकात असली की एक पर्याय बरोबर भिंगरीचा आणि एक आरशातल्या भिंगरीचा देतात. नुसतं बघून फरक कळत नाही, मोठ्यांनाही नाही. बोट टेकवायचं मध्यभागी आणि एका पात्यावरून टोकापर्यंत न्यायचं, टोक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळतंय की उलटं, एवढंच बघायचं. मग शेजारच्या भिंगरीवर तेच करायचं आणि मग पर्यायांवर. पोरगी पुस्तक फिरवून बघायची, त्याने काही होत नाही हे तिला पटवायला वेळ लागला, कारण पुस्तक कितीही फिरवलं तरी उजवी भिंगरी डावी होत नाही. आणि नवोदयच्या सूचनेत दिशा न बदलता बसणारा तुकडा असंच म्हटलेलं असतं, मग पुस्तक फिरवायची गरजच काय. बाकी काही फरश्यांत उजवी-डावी भिंगरी आलटून पालटून बसवलेली असते, तिथे परत लाल-काळ्यासारखं ओळीत मोजायचं, उजवी, डावी, उजवी, भोक.

फोटो आहे म्हणून होणारा घोळ

आता जी चूक रेघांच्या चित्रात होतच नाही आणि फोटोतच होते ती. मी ओटीचा पहिला फोटो वरून काढला होता, पण एरवी लोक उभं राहून समोर मोबाईल धरून काढतात, त्यात जवळच्या लाद्या मोठ्या आणि लांबच्या लहान येतात. माझ्या अशा एका फोटोच्या प्रिंटवर पट्टी लावून मोजलं तर खालच्या ओळीतली लादी १४ मिलीमीटर रुंद आणि सगळ्यात वरची १० मिलीमीटर. भोक वरच्या भागात होतं, तिथली लादी साधारण साडेअकरा, म्हणजे दोन लाद्यांचं भोक २३ मिलीमीटर.

दोन पर्यायांत नक्षी अगदी तीच होती, अर्धं फूल डावीकडे, अर्धं उजवीकडे. फरक इतकाच की एक तुकडा फोटोच्या खालच्या भागातून कापलेला होता, त्यात लादी १४ ची, पण तुकडा मात्र २३ मध्येच कापलेला. म्हणजे डावी कड जुळते, फूल मधोमध, सगळं छान, पण उजवीकडे जाईपर्यंत २८ पाहिजेत आणि जागा २३ ची, त्यामुळे उजव्या बाजूला अर्ध्या फुलाच्या जागी फुलाच्या पाकळीचं टोकच तेवढं दिसत होतं. पोरीने डावी कड जुळवली आणि तो निवडला. मीच शिकवलं होतं ना एका कडेवर तीन पर्याय संपतात म्हणून! तर ते वाक्य इथे दुरुस्त करते: एका कडेने पर्याय उडवता येतो, पण एका कडेने पर्याय निवडायचा नाही, निवडण्याआधी समोरची कड बघायचीच. डावी बघितली तर उजवी, वरची बघितली तर खालची.

तिरक्या फोटोत अजून एक खूण मिळते जी वापरायला सोपी आहे. लाद्यांचे उभे सांधे खऱ्या फरशीवर सरळ समांतर असतात पण फोटोत ते वर जाताना मधल्या बाजूला झुकतात, रेल्वेच्या रुळांसारखे. फोटोच्या डाव्या भागातले सांधे वर जाताना उजवीकडे कलतात, उजव्या भागातले डावीकडे, आणि मधले जवळजवळ सरळ उभे. भोक डावीकडे असेल आणि पर्यायातला सांधा डावीकडे कलत असेल तर तो तुकडा दुसऱ्या बाजूचा आहे, नक्षी बघायचीही गरज नाही. विटांच्या भिंतीच्या फोटोतही हे चालतं, फक्त तिथे भिंत एका बाजूने लांब जात असेल तर आडवे सांधे कलतात.

उजेडाचं मात्र जपून. ओटीवर दारातून ऊन येतं त्यामुळे एक बाजू पांढरट आणि दुसरी काळपट. तुकडे त्याच फोटोतून जसेच्या तसे कापले असतील तर उजेड उत्तर सांगून टाकतो, सावलीची रेघ भोकाच्या वरून आत शिरतेय आणि एकाच पर्यायात ती रेघ आहे, झालं. पण बऱ्याच ठिकाणी पर्याय नंतर उजळ केलेले असतात, नाहीतर वर्कशीटची झेरॉक्सची झेरॉक्स असते आणि लाल-काळा दोन्ही एकच करडा होतो. म्हणून आमच्याकडे नियम असा केला की उजेडावरून निवड करायची नाही, फक्त नक्षीवरून दोन उरले आणि काहीच फरक सापडला नाही तरच उजेड, सावली, फरशीला गेलेली चीर असलं बघायचं. चीर मात्र भरवशाची असते, ती कडेवर जिथे तुटते तिथूनच आत सुरू झाली पाहिजे, झेरॉक्समध्येही बहुतेक वेळा दिसते.

मोबाईलवर सोडवत असाल तर एक वेगळाच त्रास, मोठा फोटो स्क्रीनवर मावण्यासाठी लहान केलेला असतो आणि पर्याय मोठे दिसतात, त्यामुळे वरचं मिलीमीटरचं सगळं गणित फुकट. तिथे लांबी मोजायची नाही, भोकाच्या रुंदीत लाद्या किती बसतात ते मोजायचं. भोकाच्या वरच्या बाजूला दोन लाद्या येत असतील तर तुकड्यातही दोनच पाहिजेत, पावणेदोन नाही. हा आकडा स्क्रीन कितीही लहान-मोठी झाली तरी बदलत नाही.

घरी प्रश्न बनवताना मी केलेली चूक

मी स्वतः फोटोंवरून वीसेक प्रश्न बनवले, मोबाईलमध्येच फोटो कापायचा, वर पांढरा चौकोन टाकायचा. त्यातल्या तीन प्रश्नांत पोरगी चुकली म्हणून मी ओरडले आणि नंतर कळलं की चूक माझी होती, दोन पर्याय बरोबर होते. झालं असं की नक्षी दोन लाद्यांनी परत येते, तर मी चुकीचा पर्याय म्हणून दोन लाद्या सोडून पलीकडचा तुकडा कापला, आणि तो अर्थातच हुबेहूब तोच निघाला, फरक फक्त एका डागाचा. दुसऱ्यात मी बरोबर तुकडाच उलटा फिरवून "चुकीचा" म्हणून दिला होता, पण अर्धं फूल डावीकडे, अर्धं उजवीकडे असा तुकडा अर्धा वळसा फिरवला तरी तसाच दिसतो. भिंगरीचंही तेच, पाव वळसा फिरवली तरी तीच भिंगरी, ती फक्त आरशात बदलते.

त्यामुळे प्रश्न बनवताना चुकीचे पर्याय एक लादी सरकवून कापा, दोन नाही. आणि मुलांना देण्याआधी प्रत्येक चुकीच्या पर्यायावर बोट ठेवून तो कुठल्या कडेवर मोडतो ते स्वतःला सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर तो पर्याय बाद करा. विकतच्या सराव पुस्तकातही असे दोन उत्तरांचे प्रश्न मला सापडलेत, तेव्हा पोरगी सगळ्या कडा तपासून, मोजून, समोरची कड बघून दोघांवर अडकली तर आता मी आधी उत्तरसूची बघत नाही, तिने सांगितलेले दोन तुकडे कापून एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरते. मागच्या रविवारी तसं केलं तर दोन्ही तंतोतंत एकच निघाले आणि तिने पुस्तकातल्या त्या पानावर पेन्सिलीने मोठी फुली मारली.